नवरात्राचे नऊ रंग, बजेट दीड हजार, कपाटात आहे त्यातच कसं भागवायचं?

सई_कोथरूड:
यंदा 11 ऑक्टोबरला, रविवारी घटस्थापना आहे. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात रोज अकरा वाजता रंगाप्रमाणे फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. गेल्या वर्षी मी हौसेने पाच नवे कुर्ते घेतले होते. त्यातले तीन परत अंगाला लागले नाहीत. या वर्षी सगळं मिळून 1500 रुपये, त्यावर एक पैसा नाही.

कपाटात आहे ते असं: ऑफव्हाईट कॉटनचा कुर्ता, नेव्ही ब्लू कुर्ता, मोहरी रंगाची ओढणी, आईची काळी इरकल (लाल पदराची) आणि एक राखाडी टीशर्ट. शनिवार-रविवार सुट्टी. दर दिवशी नवा जोड न घेता कसं जमवू? साडी नेसता येते, पण बसमध्ये सांभाळणं जिवावर येतं.

मंजिरी७१:
मी सांगते, एकदाच चांगल्या नऊ कॉटनच्या साड्या घेऊन टाक. मी 2015 साली घेतल्या, अजून नेसते. माहेश्वरी घे, वजनाला हलकी असते. एक तीन हजारापर्यंत मिळेल. दरवर्षीची कटकट संपते.

सई_कोथरूड:
काकू, तीन गुणिले नऊ म्हणजे सत्तावीस हजार. माझं बजेट दीड आहे :)

मंजिरी७१:
अगं दहा वर्षांत विभागून बघ ना.

धायरीकर:
गरब्यासाठी हवंय का? आमच्या इकडे घागरा-चोळी भाड्याने मिळते. डिपॉझिट घेतात, पण आरसे तुटले की पैसे कापतात. बायकोचे मागच्या वर्षी चारशे कापले. आरसे आधीच तुटलेले होते, फोटो काढून ठेवायला हवा होता. भाड्याने घेताना पहिला फोटो दुकानातच काढा.

सई_कोथरूड:
गरबा नाही हो, ऑफिस. पण फोटोचं लक्षात ठेवते.

माहेर_इचलकरंजी:
सई, आधी दिवस मोज, रंग नंतर. यादी वाराप्रमाणे ठरते. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार नारिंगी. दरवर्षी सुरुवात वेगळ्या वाराने होते म्हणून क्रम नवा वाटतो, पण पहिल्या सात दिवसांत हे सातच रंग फिरतात. आठवा आणि नववा दिवस मात्र गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांच्यातून येतो. ते दोन यादी पक्की होईपर्यंत विकत घ्यायचे नाहीत.

म्हणजे पाच दिवसांच्या ऑफिसवाल्यांना राखाडी आणि नारिंगी कधीच लागत नाहीत. ते कायम सुट्टीवर पडतात. यंदा तुला 12 ते 16 तारखेचे पाच आणि 19 चा सोमवार, एवढेच सहा दिवस आहेत. पांढरा कुर्ता आहे, नेव्ही निळ्यात चालून जाईल, मोहरी ओढणी पिवळ्याला. उरले लाल आणि हिरवा. दोन ओढण्या घे, विषय संपला.

ऋतू_पर्वती:
अय्या! मी तीन वर्षं राखाडी कुर्ता शोधत फिरले आणि शनिवारी घरी गाऊनमध्ये बसले. हे मला कोणीच सांगितलं नाही.

मुळामुठा:
नेव्ही म्हणजे निळा नाही. यादीत रॉयल ब्लू असतो. फोटोत नेव्ही काळा दिसतो, आमच्या एचआरने मला "आज काळं का" असं विचारलं होतं.

माहेर_इचलकरंजी:
खरं आहे, ट्यूबलाइटखाली नेव्ही काळाच येतो. खिडकीपाशी उभं राहून फोटो काढा. सईला बुधवारी घरून काम असेल तर प्रश्नच नाही, कॅमेऱ्यात गळ्यापर्यंतच दिसतं.

सदाशिव_पेठी:
मुळात हे रंग आले कुठून? वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने चालू केलेलं हे खूळ. आमच्या आईच्या काळी नवरात्रात घट, माळ, आरती आणि उपास होते. ओढण्या नव्हत्या.

देवीभक्त_नीला:
असं कसं? वाराचे रंग शास्त्रातच आहेत. गुरुवारी पिवळा गुरूचा, मंगळवारी लाल मंगळाचा.

सदाशिव_पेठी:
मग बुधाचा रंग हिरवा. यादीत बुधवारी निळा का? शुक्राचा पांढरा, यादीत हिरवा का? दोन वार जुळले म्हणजे शास्त्र झालं का?

देवीभक्त_नीला:
श्रद्धा असली की जुळतं.

ऋतू_पर्वती:
दोघांनाही नमस्कार, पण धागा ओढण्यांचा आहे. तुळशीबागेत ओढण्या दीडशे-दोनशेला मिळतात. मी घेतल्या होत्या, चार घेतल्यावर वीस रुपये कमी केले. सई, दोन ओढण्या घे, बाकी काही घेऊ नकोस.

माहेर_इचलकरंजी:
हे मी वर सांगितलंच आहे :)

शर्वरी_खराडी:
थांबा, तुळशीबागेतली लाल ओढणी घेताना सांभाळून. मी 2022 मध्ये लाल ओढणी पांढऱ्या कुर्त्यावर घातली. चांदणी चौकात परतीच्या पावसात अडकले. ऑफिसला पोचेपर्यंत खांद्यापासून कोपरापर्यंत गुलाबी ओघळ. दिवसभर जॅकेट घालून बसले, आणि कुर्ता नंतर फरशी पुसायला गेला. ओढणी आधी मिठाच्या पाण्यात भिजवायला हवी होती, रंग पक्का होतो.

मंजिरी७१:
मीठ आणि तुरटी दोन्ही. रात्रभर.

माहेर_इचलकरंजी:
शर्वरी, अनुभव खरा आहे, उपाय चुकीचा. माझ्या वडिलांचं रंगाईचं युनिट होतं, लहानपण त्या वासात गेलं. मीठ टाकतात ते रंगवतानाच्या पाण्यात, रंग कापडावर चढावा म्हणून. एकदा रंगवून झाल्यावर घरी बादलीत मीठ टाकलं तरी सुटा रंग पक्का होत नाही. तुरटीने काही झाडपाल्याचे रंग धरतात, पण बाजारातल्या ओढणीला तो रंग नसतो.

रंगवल्यावर कापड गरम साबणाच्या पाण्यातून काढून वरचा सुटा रंग धुवायचा असतो. स्वस्त मालात हे काम उरकतात, म्हणून तो रंग तुझ्या बादलीत येतो. घरी करायचं ते एवढंच: वेगळी, गार पाण्यात, दोन-तीनदा धुवायची, पाणी नितळ दिसेपर्यंत. पाचव्या धुण्यालाही पाणी लाल असेल तर ती ओढणी जन्मभर पांढऱ्यापासून लांब ठेव.

आणि दुकानातच तपासायचं. पांढरा रुमाल थोडा ओला कर, ओढणीच्या टोकाला आतल्या बाजूने दहा-बारा वेळा जोरात घास. रुमालावर रंग आला तर ठेवून दे. दुकानदार रागावतो, रागावू दे.

सईला सोपा मार्ग म्हणजे लाल ओढणी पांढऱ्यावर घालायचीच नाही. नेव्ही कुर्त्यावर घाल. रंग उतरला तरी दिसत नाही, आणि लाल-नेव्ही दिसतंही छान.

शर्वरी_खराडी:
मग मी मीठ वापरून एवढी वर्षं काय केलं?

माहेर_इचलकरंजी:
दोन-तीन वेळा धुतलंस. काम त्याने झालं.

प्रफुल्ल_वारजे:
घरीच रंगवायची ना. पांढरी ओढणी आणायची, रंगाची पुडी तीस-चाळीस रुपयांना मिळते. मी बायकोला तीन रंगवून दिल्या. एक तर पॅचेसवाली झाली, ती म्हणाली टाय-डाय आहे.

माहेर_इचलकरंजी:
कॉटन असेल तर जमतं. मात्र पांढरी ओढणी म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारतात, त्याच्यावर ती पुडी चढत नाही. काठाचा एक दोरा काढून जाळून बघा. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. दोरा चिमट्यात धरा, बोटात नको.

धायरीकर:
पितृपक्षात खरेदी करणार का तुम्ही? आमच्याकडे चालत नाही. आणि त्याच्या आधी गणपती. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ओढणी घ्यायला गेलात तर ढोलताशातून बाहेर पडायला दुसरा दिवस उजाडेल.

मुळामुठा:
पितृपक्षातच दुकानं मोकळी असतात, भाव करता येतो. आम्ही मुद्दाम तेव्हाच घेतो, अजून तरी पूर्वजांची तक्रार नाही.

देवीभक्त_नीला:
काही गोष्टींवर विनोद करू नयेत.

ऋतू_पर्वती:
सई, आईच्या इरकलचं काय? लाल पदर आहे ना. मंगळवारी तीच नेस. काठ आणि पदर लाल दिसला की फोटोत लाल धरतात.

देवीभक्त_नीला:
काळी साडी नवरात्रात? नको.

सई_कोथरूड:
आईलाही हेच वाटतं, म्हणून ती राहू दे.

तर मी काल तुळशीबागेत जाऊन आले. ओला रुमाल घेऊन गेले होते. पहिल्या दुकानातल्या लाल ओढणीने रुमालाचा कोपरा जास्वंदीसारखा केला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढं घासून कोण घालतं?" दुसऱ्या दुकानात लाल टिकली, 180 ला घेतली. हिरवी घेतली नाही, शेजारच्या काकूंकडे आहे, त्या देणार आहेत.

आणि मग लक्ष्मी रोडवर मोरपंखी कॉटनची साडी दिसली. 1250. माहेर_इचलकरंजी, तुम्ही सांगितलं होतं शेवटचे दोन घेऊ नकोस. घेतली. रुमालानेही ती पास झाली.

माहेर_इचलकरंजी:
19 ला यादीत जांभळा आला तर?

सई_कोथरूड:
तरी मोरपंखीच नेसणार. फोटोत एका बाजूला उभी राहीन.

मंजिरी७१:
शाब्बास! आता दरवर्षी एक घे, नऊ होतील.

मुळामुठा:
1250 अधिक 180 म्हणजे 1430. फॉल-पिको धरला का?

सई_कोथरूड:
...नाही.