पहिली हेल्थ पॉलिसी: थायरॉइड आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या फॉर्मवर लिहाव्यात का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो. मी 37, नवरा 41, मुलगी 6 वर्षांची. आजवर कुठलीच पॉलिसी नव्हती, आता 10 लाखांची फॅमिली फ्लोटर घेतोय. वर्षाला 20 हजारांच्या वर जमणार नाही. मला थायरॉक्सिन 75 चालू आहे, साधारण 8 वर्षं झाली, मागच्या महिन्यात टीएसएच 2.8 होता. नवऱ्याला कोलेस्टेरॉलची गोळी दीड वर्ष चालू आहे. एजंट म्हणतो, "ताई, या गोळ्या अर्धा महाराष्ट्र घेतो. लिहिलं की उगाच मेडिकल लागते, नका लिहू." काय करावं? आणि लिहिलं तर प्रीमियम किती वाढतो?

तिखटमीठ
10 लाखांत आजकाल काही होत नाही. आम्ही 25 लाखांची घेतली, वर 75 लाखांचा सुपर टॉप-अप. 38 हजार जातात, पण झोप शांत लागते. तुम्हीही तेच करा.

पाटीलवाडा
8 वर्षांपूर्वीचं निदान सांगायची गरजच नाही. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसीच्या आधीच्या 3 वर्षांतला, असा नियम आहे.

सुमनताई_पुणे
पाटील, नियम बरोबर, अर्थ चुकला. त्या 36 महिन्यांत निदान झालं असेल *किंवा* उपचार चालू असतील, तरी तो आधीपासूनचा आजार. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेताय म्हणजे उपचार चालू आहेत.

मी विमा कंपनीत प्रपोजल तपासण्याचं काम करायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फॉर्मवर थायरॉक्सिन दिसलं म्हणून कोणी दचकत नाही. आम्ही बघायचो ती गोळी कशामुळे सुरू झाली ते. ग्रंथी मंदावली म्हणून असेल, डोस स्थिर असेल आणि टीएसएच मर्यादेत असेल, तर बहुतेक ठिकाणी लोडिंगशिवाय, म्हणजे जादा प्रीमियम न लावता पॉलिसी मिळते, फक्त थायरॉइडशी संबंधित उपचारांना वेटिंग लागतं, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही, जास्तीत जास्त 36 महिने. पण हीच गोळी गाठ काढल्यावर किंवा कॅन्सरनंतरही देतात. फॉर्मवर नुसतं "थायरॉइड" लिहिलं की बायोप्सी रिपोर्टपर्यंत सगळं मागतात आणि प्रपोजल लटकतं. म्हणून "2017 पासून हायपोथायरॉइड, शस्त्रक्रिया नाही, डोस इतका" असं पूर्ण लिहा, सोबत ताजा रिपोर्ट जोडा. ग्रंथी जास्त काम करते म्हणून कार्बिमाझोल चालू असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे रिपोर्ट स्थिरावेपर्यंत थांबायला सांगतात.

नवऱ्याच्या गोळीचं नाव काय? स्ट्रिप बघून लिहा.

अनंत_दे
थायरॉइडच्या गोळीचे पैसे पॉलिसीतून मिळत नाहीत हे लक्षात घ्या. मी मेडिकलची बिलं पाठवली, सगळी परत आली.

सुमनताई_पुणे
अनंतराव, त्या बिलांना ओपीडीचं, म्हणजे ॲडमिट न होता होणाऱ्या खर्चाचं कव्हर लागतं. ताईंचा प्रश्न वेगळा आहे.

कोकणकडा
मावसभावाचं सांगतो. एजंटच्या सांगण्यावरून थायरॉइड लिहिला नाही. दुसऱ्या वर्षी डेंग्यू, प्लेटलेट घसरल्या, ॲडमिट. दाखल करून घेताना डॉक्टरांनी विचारलं, "रोजच्या काही गोळ्या?" त्याने खरं सांगितलं. केस पेपरवर आलं, "हायपोथायरॉइड, 4 वर्षांपासून गोळी चालू." तोच कागद कंपनीकडे गेला. कॅशलेस नाकारलं आणि वर पॉलिसीच रद्द. डेंग्यूचा थायरॉइडशी काय संबंध, असं तो विचारत राहिला. कंपनीचं म्हणणं, माहिती लपवली. आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार केलीय, निकाल नाही. एजंट फोन उचलत नाही.

पाटीलवाडा
सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये मनमोहन नंदा प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने निकाल दिलाय. तोही याच कोलेस्टेरॉलच्या गोळीवरून. शिवाय 5 वर्षं पूर्ण झाली की लपवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

सुमनताई_पुणे
त्या गृहस्थांनी डायबेटिस सांगितला होता. मधुमेह्यांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सर्रास देतात, हे कंपनीने ओळखायला हवं होतं, असा तिथे मुद्दा होता. ज्याने काहीच सांगितलं नाही त्याला तो निकाल कितपत तारेल? आणि पॉलिसी 2009 ची, निकाल 2021 चा. 60 महिन्यांचंही खरं आहे, पण त्यातून फसवणूक वगळलेली आहे. आणि ती 5 वर्षं कोणी आजारीच पडणार नाही, याची हमी कोण देणार?

गोदाकाठची
स्ट्रिप बघितली. रोझुव्हास्टॅटिन 10 आहे, पण त्याच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन 75 पण लिहिलंय! मला वाटलं नुसती कोलेस्टेरॉलची आहे. सासऱ्यांना 52 व्या वर्षी ॲटॅक आला होता, म्हणून डॉक्टरांनी सुरू केली. नवऱ्याला कधी छातीत दुखलेलं नाही.

सुमनताई_पुणे
बरं झालं आत्ताच कळलं. तुमच्या प्रपोजलचा खरा पेच इथे आहे, थायरॉइडमध्ये नाही.

नुसतं स्टॅटिन असेल तर अंडररायटर, म्हणजे प्रपोजल तपासणारा, साखर, बीपी, वजन, तंबाखू बघतो. बाकी सगळं नीट असेल तर एकट्या कोलेस्टेरॉलवरून फारसं काही अडत नाही. स्टॅटिनसोबत ॲस्पिरिन दिसलं की पहिली शंका येते की या माणसाला हृदयविकार झालाय किंवा स्टेंट बसलाय. फॉर्मवर "कोलेस्टेरॉल" आणि प्रिस्क्रिप्शनवर हे, म्हणजे शंका दुप्पट. मग सरळ नकार येऊ शकतो, नाहीतर स्ट्रेस टेस्ट मागतात.

डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या. औषध केव्हा सुरू केलं, कौटुंबिक इतिहासामुळे खबरदारी म्हणून दिलंय, छातीदुखी, ॲटॅक, अँजिओग्राफी काही नाही. सोबत ईसीजी, लिपिड प्रोफाइल आणि एचबीएवनसी. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं, तर तेच लिहायचं.

तिखटमीठ
एलडीएल आता नॉर्मल असेल तर आजार नाहीच ना? "नाही" वर टिक करायला काय हरकत?

सुमनताई_पुणे
नॉर्मल आकडा गोळीमुळे आहे. तो तुमच्या बाजूनेच जातो, आटोक्यात आहे असं दिसतं. पण फॉर्ममध्ये "नियमित औषध घेता का" हा प्रश्न वेगळा असतो, त्याचं उत्तर "हो"च.

कोकणकडा
आणि पॉलिसी हातात आली की आधीच्या आजारांचा रकाना वाचा. भावाने तेव्हाच वाचला असता तर 30 दिवसांत परत करता आली असती.

गोदाकाठची
अपडेट देते. एजंट बदलला, ऑनलाइन फॉर्म स्वतः भरला, डॉक्टरांचं पत्र जोडलं. कंपनीने नवऱ्याची स्ट्रेस टेस्ट करवली, ती निगेटिव्ह आली. मग संमतीसाठी पत्र आलं. मला लोडिंग नाही. नवऱ्याला 15 टक्के. दोघांच्या आजारांना 36 महिने वेटिंग. एकूण 22,900.

तिखटमीठ
वेटिंग कमी करायचा रायडर घ्या. आम्ही घेतलाय.

पाटीलवाडा
15 टक्के म्हणजे लूट. नाही म्हणा, दुसरीकडे अर्ज करा.

सुमनताई_पुणे
दुसरीकडे कमी लागू शकतं, प्रत्येक कंपनीची फूटपट्टी निराळी. पण तिथल्या फॉर्मवर इथलं लोडिंग विचारतील, तेही सांगावं लागेल. रायडरचा मात्र विचार करा, घरात हृदयविकार आहे.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार, पण रायडर धरून 27 हजारांवर जातं. आम्ही 7 लाखांचं कव्हर, रायडर नाही, लोडिंग मान्य, असं ठरवलं. 19,600 भरले. पॉलिसीत थायरॉइड, कोलेस्टेरॉल आणि ॲस्पिरिन तिन्ही छापून आलेत, तपासलं.

तिखटमीठ
7 लाख फारच कमी हो. निदान टॉप-अप तरी बघा.

अनंत_दे
ओपीडीचं कव्हर कोण देतं, कोणी सांगेल का?