मदत हवी आहे : टप्प्यांनुसार कमिशनचा हिशेब कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही

गोदाकाठ :

नमस्कार. नळ आणि सॅनिटरीवेअरच्या एका वितरकाकडे मी विक्री प्रतिनिधी आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे कमिशन मी स्वतः काढून पाहिले, तर डिसेंबरची रक्कम जुळत नाही आणि तिमाही इन्सेन्टिव्ह तर मिळालेलाच नाही. हिशेब चुकीचा असल्याचे लेखी कळवायचे असेल, तर आधी स्वतःला खात्री हवी, म्हणून सविस्तर मांडत आहे.

नियुक्तिपत्रासोबतच्या जोडपत्रात पुढील मजकूर आहे, जसाच्या तसा :

"निव्वळ विक्रीवरील मासिक कमिशन : 5 लाखांपर्यंत शून्य, 5 लाखांपेक्षा जास्त ते 8 लाखांपर्यंत 1 टक्का, 8 लाखांपेक्षा जास्त ते 12 लाखांपर्यंत 1.5 टक्के, 12 लाखांपेक्षा जास्त 2 टक्के. निव्वळ विक्री म्हणजे महिन्यातील बिलांची जीएसटी वगळून रक्कम, वजा परत आलेला माल व क्रेडिट नोट. बिलाच्या तारखेपासून 60 दिवसांत वसूल न झालेल्या बिलांवरील कमिशन रोखले जाईल. तिमाहीची निव्वळ विक्री 30 लाख किंवा जास्त झाल्यास त्या विक्रीवर 0.5 टक्के इन्सेन्टिव्ह देय राहील."

आमच्या मालावर 18 टक्के जीएसटी आहे. सेल्स रजिस्टरप्रमाणे जीएसटीसह विक्री ऑक्टोबरमध्ये 10,62,000, नोव्हेंबरमध्ये 14,75,000 आणि डिसेंबरमध्ये 11,80,000 आहे. या आकड्यांना 1.18 ने भागल्यावर अनुक्रमे 9 लाख, 12.5 लाख आणि 10 लाख येतात. नोव्हेंबरमध्ये बिल झालेला, जीएसटी वगळून 1 लाखाचा माल एका दुकानदाराने डिसेंबरमध्ये परत केला आणि त्याची क्रेडिट नोटही डिसेंबरच्याच तारखेची आहे.

कंपनीने ऑक्टोबरचे 4,500, नोव्हेंबरचे 10,000 आणि डिसेंबरचे 4,250 रुपये दिले. रुजू होताना तत्कालीन व्यवस्थापकांनी "12 लाख गाठले की सगळ्या विक्रीवर 2 टक्के" असे तोंडी सांगितले होते. तसे धरले तर एकट्या नोव्हेंबरचेच 25,000 होतात. इन्सेन्टिव्हबाबत "वसुलीमुळे 30 लाख भरत नाहीत" एवढेच उत्तर मिळाले. 27 ऑक्टोबरचे, जीएसटी वगळून 80,000 रुपयांचे एक बिल 8 जानेवारीला, म्हणजे 73 व्या दिवशी वसूल झाले, हे खरे आहे.

रानवारा :

डिसेंबरचे कोडे सोपे दिसते. क्रेडिट नोट जीएसटीसह 1,18,000 ची असणार आणि हिशेब करणाऱ्याने तीच पूर्ण रक्कम 10 लाखांतून वजा केली असणार. विक्री जीएसटी वगळून घ्यायची आणि परतावा मात्र जीएसटीसह, ही गफलत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तुम्ही थेट तेवढेच लिहून कळवा.

अनघा :

माझ्या पतीच्या कमिशनमधून कंपनीने टीडीएस कापला, तुमचाही कापला आहे का? ते एका विमा कंपनीचे एजंट आहेत. कदाचित तुमचा फरक त्यामुळेच पडला असेल.

हिशेबनीस :

अनघाताई, एजंटाच्या कमिशनवरचा टीडीएस वेगळा आणि नोकरदाराच्या कमिशनवरचा वेगळा. गोदाकाठ पगारदार असल्याने त्यांचे कमिशन पगाराचाच भाग मानले जाते आणि कर पगारावरच्या पद्धतीने कापला जातो. तो पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात वेगळा दिसतो, त्यामुळे कमिशनची मूळ रक्कम बदलत नाही.

आता मूळ प्रश्न. टप्प्यांचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एका पद्धतीत प्रत्येक टप्प्यात पडणाऱ्या रकमेवर त्या त्या टप्प्याचा दर लागतो. दुसऱ्या पद्धतीत विक्री ज्या टप्प्यात पोहोचली, त्याचा दर पहिल्या रुपयापासून संपूर्ण विक्रीवर लागतो. तुमचे जोडपत्र यावर गप्प आहे. त्यात सोडवून दाखवलेले एखादे उदाहरण असते, तर वाद उरला नसता. मात्र कंपनीने दिलेले आकडे बोलके आहेत. ऑक्टोबरच्या 9 लाखांपैकी 5 ते 8 लाखांमधील 3 लाखांवर 1 टक्का म्हणजे 3,000 आणि त्यावरील 1 लाखावर 1.5 टक्के म्हणजे 1,500, मिळून बरोबर 4,500. नोव्हेंबरचे 3,000 अधिक 6,000 अधिक 1,000, म्हणजे 10,000. दोन्ही महिने पहिल्या पद्धतीने तंतोतंत जुळतात.

एक्सेलमध्ये यासाठी मोठी रचना लागत नाही. निव्वळ विक्री A2 मध्ये असेल तर :

```
=MAX(0,A2-500000)*1%+MAX(0,A2-800000)*0.5%+MAX(0,A2-1200000)*0.5%
```

यात 1.5 आणि 2 हे आकडे दिसत नाहीत, कारण प्रत्येक सीमेपुढे दर जेवढा वाढतो तेवढीच वाढ लिहिली आहे. सूत्र तपासायचे असेल तर नेमक्या सीमेवरचे आकडे घालून पाहावे : 8 लाखांना 3,000 आणि 12 लाखांना 9,000 आले पाहिजेत.

रानवारा यांनी सांगितलेली गफलत खरोखर होते, पण येथे ती झालेली नाही. 10 लाखांतून 1,18,000 गेले तर 8,82,000 उरतात आणि त्यावर 4,230 येतात. कंपनीचा आकडा 4,250 आहे. वीस रुपयांचा फरक किरकोळ वाटेल, पण सगळे आकडे इतके गोल असताना तो उरत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

क्रेडिट नोट डिसेंबरमध्ये धरली तर निव्वळ विक्री 9 लाख आणि कमिशन 4,500 होते. ती नोव्हेंबरमध्ये मागे नेली तर नोव्हेंबरची विक्री 11.5 लाख आणि कमिशन 8,250 होते. म्हणजे आधी दिलेल्या 10,000 पैकी 1,750 जास्त गेले असे ठरते. डिसेंबरच्या पूर्ण 10 लाखांवर 6,000 होतात आणि त्यातून 1,750 वजा केले की 4,250 उरतात. माझ्या मते कंपनीने हेच केले आहे.

गोदाकाठ :

आपला मनापासून आभारी आहे. माल तोच आणि रक्कमही तीच असताना महिना बदलल्याने 250 रुपये कमी का व्हावेत, हे मात्र अजून नीट उमगलेले नाही.

हिशेबनीस :

नोव्हेंबरमध्ये त्या लाखापैकी वरचे 50,000 हे 12 लाखांच्या पुढचे, म्हणजे 2 टक्क्यांचे आहेत आणि खालचे 50,000 दीड टक्क्याचे. ते काढल्यावर 1,000 अधिक 750 जातात. डिसेंबरमध्ये पूर्ण लाख दीड टक्क्याच्या टप्प्यातूनच निघतो आणि 1,500 जातात. चांगल्या महिन्यातला माल परत आला की महिना महत्त्वाचा ठरतो. संपूर्ण विक्रीवर एकच दर लावणारी पद्धत असती, तर नोव्हेंबर 12 लाखांच्या खाली आल्याने हाच फरक 6,250 रुपयांचा झाला असता.

तुमच्या जोडपत्रात "महिन्यातील बिलांची रक्कम, वजा क्रेडिट नोट" असे आहे. क्रेडिट नोट मूळ बिलाच्या महिन्यात न्यावी असे कुठेही लिहिलेले नाही, त्यामुळे तिच्या स्वतःच्या तारखेचा महिना धरणे हे साधे वाचन आहे आणि जीएसटीच्या विवरणपत्रातही ती दिल्याच्या महिन्याच्या हिशेबात दाखवता येते. तरी जीएसटीची रीत तुमच्या कराराला आपोआप लागू होते, असा युक्तिवाद करू नका. मजकुरावरच उभे राहा.

रानवारा :

माझा तर्क मी मागे घेतो. पण तोंडी आश्वासनाचे काय? पूर्ण विक्रीवर दर धरला तर तिमाहीचे 13,500, 25,000 आणि 13,500, म्हणजे 52,000 होतात. ही रक्कम सोडून द्यावी असे मला वाटत नाही.

हिशेबनीस :

फरक मोठा आहे, हे मान्य. त्या वाचनाने 12 लाखांच्या विक्रीवर 18,000 आणि त्याहून एकच रुपया जास्त विक्री झाली तर 24,000 द्यावे लागतात. अशा योजना बाजारात खरोखर आहेत, त्यामुळे हे अशक्य म्हणता येणार नाही. पण लेखी मजकूर संदिग्ध असताना दोन महिने एका पद्धतीने रक्कम दिली गेली आणि हरकत घेतली गेली नाही, हे कंपनी पुढे करील. त्या व्यवस्थापकांचा ई-मेल किंवा संदेश असेल, किंवा त्याच जोडपत्रावर दुसऱ्या कोणाला पूर्ण विक्रीवर दर मिळाला असेल, तर चित्र बदलते. एवढ्या माहितीवर मी ठाम मत देणार नाही.

इन्सेन्टिव्हचा मुद्दा मला अधिक भक्कम वाटतो. 9, 12.5 आणि 9 मिळून तिमाहीची निव्वळ विक्री 30.5 लाख होते. क्रेडिट नोट नोव्हेंबरमध्ये नेली तरी बेरीज तीच राहते. कंपनीने 80,000 चे उशिरा वसूल झालेले बिल वगळून 29.7 लाख धरलेले दिसतात. मात्र निव्वळ विक्रीची व्याख्या जोडपत्रात दिलेली आहे आणि तिच्यात वसुलीचा उल्लेख नाही. वसुलीची अट फक्त कमिशन रोखण्यापुरती आहे. ते बिल विक्रीतून वगळावे असे ती सांगत नाही. शिवाय "रोखले जाईल" म्हणजे वसुली झाल्यावर द्यायचे, असाच अर्थ सरळ निघतो. त्याच बिलावरचे ऑक्टोबरचे कमिशन कंपनीने परत घेतलेले नाही, हेही लक्षात आणून द्या. 30.5 लाखांवर 0.5 टक्के म्हणजे 15,250 रुपये होतात.

सह्याद्रीपल्याड :

थोडे वेगळे मत मांडतो. मी वितरकाच्या बाजूने अशा योजना लिहिल्या आहेत. उधारीवर माल टाकून टार्गेट भरले जाऊ नये म्हणूनच वसुलीची अट घातली जाते, त्यामुळे ती इन्सेन्टिव्हलाही लागू असावी हा मालकाचा हेतू अगदीच अवाजवी नाही. मात्र हेतू मनात होता आणि कागदावर उतरला नाही, तर त्याचा भार प्रतिनिधीवर का पडावा, याचे उत्तर माझ्याकडेही नाही. पत्रात इन्सेन्टिव्ह आणि क्रेडिट नोट हे दोन विषय वेगवेगळे मांडा. एकत्र मांडले, तर 250 रुपयांवर सहमती दाखवून 15,250 चा विषय मागे पडतो.

गोदाकाठ :

लेखापालांशी बोललो. क्रेडिट नोट नोव्हेंबरमध्ये नेऊन 1,750 वजा केल्याचे त्यांनी मान्य केले आणि ही त्यांची नेहमीची रीत असल्याचे सांगितले. तशी लेखी सूचना मात्र त्यांना दाखवता आली नाही. इन्सेन्टिव्हचा निर्णय मालक घेतील. तोंडी आश्वासनाबाबत माझ्याकडे कागद नाही, म्हणून तो विषय सध्या पत्रात घेत नाही. ई-मेलसोबत काय जोडावे?

हिशेबनीस :

जोडपत्राची प्रत, तीन महिन्यांचे सेल्स रजिस्टर, ती क्रेडिट नोट, 80,000 च्या बिलाची पावती आणि एका पानात मावणारा तुमचा हिशेब. हिशेबात प्रत्येक आकड्यासमोर तो जोडपत्रातील कोणत्या वाक्यावरून आला हे लिहा. तोंडी आश्वासनाचा विषय आता घेणार नसाल, तर "टप्प्यांच्या अर्थाबाबतचा माझा हक्क राखून" हे शब्द पत्रात असू द्या, म्हणजे तुमच्या हिशेबाच्या पानालाच संमती समजले जाणार नाही.