मदत हवी आहे: चिनी भाषेत 'ह्वे', 'नङ' आणि 'ख-यी' यांचे नकार कसे करायचे?

नमस्कार मंडळी. मँडरिन शिकणाऱ्यांना किंवा शिकवणाऱ्यांना विचारतेय. इंग्रजीत जिथे एकटं 'कॅन' भागवतं, तिथे चिनीत तीन शब्द आहेत. होकारार्थी वाक्यांपुरतं मला समजलंय. 'वो ह्वे यौयोंग' म्हणजे मला पोहता येतं, शिकलेय. 'वो नङ यौ ई छ्येन मी' म्हणजे मी १००० मीटर पोहू शकते, इथे दमाचा हिशोब आहे. आणि 'चर ख-यी यौयोंग' म्हणजे इथे पोहायला हरकत नाही. आपल्या 'येतं', 'शकते' आणि 'चालतं' यांच्याशी हे बरंच जुळतं, त्यामुळे मराठीतून विचार केला की सोपं जातं.

गोची नकारात होते. 'पु ह्वे' म्हणजे येतच नाही, हे सरळ आहे. पण 'ख-यी'चा नकार बहुतेक वेळा 'पु नङ' असा होतो. 'पु ख-यी' म्हटलं की स्पष्ट मनाई वाटते. मग तलावाकाठी कोणी 'चर पु नङ यौयोंग' म्हणालं, तर बंदी आहे की पाणी धोक्याचं आहे, हे चिनी माणूस कशावरून ओळखतो? फक्त संदर्भावरून?

दुसरं म्हणजे, दम संपल्यामुळे पुढे पोहवत नसेल, तर 'पु नङ यौ' म्हणावं की 'यौ-पु-ल्याव'? मला दुसरं जास्त नैसर्गिक वाटतं. रोजच्या बोलण्यातलं एखादं उदाहरण दिलंत तर फार बरं होईल.