मदत हवी आहे : चाचणीत ऋण संख्या सगळ्यांना येतात, फळ्यावर कोणालाच येत नाहीत

पऱ्हाटी
मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात सहावीला गणित शिकवते. ऋण संख्यांवरील चाचणीत जवळपास सर्वांची उत्तरे बरोबर आली, म्हणून मी पुढे सरकले. परंतु काल फळ्यावर −७ + ३ लिहिले, तर अर्ध्या वर्गाने −१० सांगितले. पुन्हा पहिल्यापासून शिकवण्याइतका वेळ नाही. कृपया नेमका उपाय सांगावा.

वर्धाकाठ
ताई, चाचणीत कोणते प्रश्न होते, हे आपण लिहिलेच नाही.

पऱ्हाटी
नेहमीचेच होते. −४ आणि ६ यांपैकी मोठी संख्या कोणती. −३ + ७ किती. (−२) + (−५) किती. त्याचा येथे काय संबंध?

किराणावाला
संख्यारेषा सोडा आणि उधारी शिकवा. सात रुपये उधारी असलेल्याने तीन रुपये दिले तर चार रुपये उधारी राहते, हे आमच्या दुकानात येणाऱ्या लहान पोरालाही कळते. −१० म्हणणारा विद्यार्थी मला तरी भेटलेला नाही.

निवृत्त मास्तर
पऱ्हाटी मॅडम, संबंध आहे, कारण आपले तिन्ही प्रश्न चुकीच्या विचारानेही बरोबर सुटतात. चिन्हाकडे न पाहता सहा चारपेक्षा मोठे म्हणणारा मुलगा पहिल्या प्रश्नात पास होतो. सातातून तीन वजा करून मोकळा होणारा दुसऱ्यात पास होतो. आणि ‘आकडे मिळवा, पुढे वजा लावा’ अशी सवय लागलेल्याला तिसऱ्यात −७ हे अचूक उत्तर मिळते. तीच सवय −७ + ३ ला −१० देते. म्हणजे चूक काल झाली नाही, ती चाचणीच्या दिवशीही वर्गात होती.
चुकीच्या विचाराने चुकीचेच उत्तर येईल असे प्रश्न निवडावेत. −४ आणि ६ ऐवजी −८ आणि ३ विचारावे, त्यानंतर −८ आणि −३. बेरजेसाठी −७ + ३ उत्तम आहे, कारण −१० म्हणणारा आकडे मिळवतो आहे आणि ४ म्हणणारा चिन्ह टाकून देतो आहे, हे उत्तरावरूनच कळते. या दोघांना एकच गोष्ट समजावून उपयोग नाही.

सातपुडा
एवढा खटाटोप कशासाठी? वजा वजा अधिक, हे पाठ करून घ्या. माझ्या मुलाला शिष्यवृत्ती परीक्षेसाठी हेच सांगितले होते.

निवृत्त मास्तर
आपल्या मुलाला −५ − ३ विचारून पाहा. ८ म्हणाला, तर हा नियम त्याने नको तेथे लावला, असे समजावे. तो गुणाकारात आणि ऋण संख्या वजा करताना चालतो. येथे समोर दोन वजा चिन्हे दिसतात एवढेच.

पऱ्हाटी
आज हे प्रश्न दिले. −८ आणि −३ मध्ये एका मुलीने −८ मोठी म्हटले. कारण विचारले, तर म्हणाली, “आठशेची उधारी तीनशेपेक्षा जास्तच ना, मॅडम?” कास्तकाराची मुलगी आहे, तिला मी काय उत्तर द्यावे? −५ − ३ ला काहींनी ८, काहींनी −२ लिहिले.

किराणावाला
मुलीचे बरोबर आहे, उधारी जास्तच आहे.

निवृत्त मास्तर
म्हणूनच बेरजेला आपली उधारी उपयोगी पडते, तुलनेला ती फसवते. तिला ‘उधारी कोणाची जास्त’ असे न विचारता ‘हिशेब पूर्ण केल्यावर कोण वर राहील’ असे विचारावे, आणि नंतर दोन्ही संख्या संख्यारेषेवर मांडायला लावाव्यात.
−२ चे कारण मात्र या एका प्रश्नावरून कळणार नाही. कोणी पाचातून तीन वजा करून चिन्ह तसेच ठेवले असेल, तर कोणी संख्यारेषेवर −५ पासून तीन घरे उजवीकडे गेला असेल. त्यांना −३ − ५ द्यावे. पहिला बहुधा पुन्हा −२ म्हणेल, दुसरा २ म्हणेल.

वर्धाकाठ
परंतु बहुपर्यायी उत्तरे दिली, तर मुले अंदाजाने खूण करतात. कारण तोंडी विचारल्याशिवाय यातील काहीच खात्रीचे नाही.

निवृत्त मास्तर
मान्य, म्हणून कारणाची एक ओळ लिहायला लावतो. तरी काही मुले बरोबर उत्तराखाली ‘मॅडमनी सांगितले म्हणून’ एवढेच लिहितात. त्यांचे काय करावे, यावर मलाही पक्के उत्तर सापडलेले नाही.

पऱ्हाटी
उद्या −३ − ५ देते. उजवीकडे जाणारे अधिक निघाले, तर संख्यारेषा पुन्हा काढावी लागेल. ती मीच घाईत शिकवली होती की गेल्या वर्षाचीच अडचण आहे, हे त्यावरून कळेल का?

वर्धाकाठ
नाही. त्यासाठी त्याच मुलांना ८ − ३ संख्यारेषेवर दाखवायला लावावे. तेथेही ती उजवीकडे गेली, तर अडचण ऋण संख्यांची नाहीच.