‘कोणताही धोका नाही’ लिहिलेला अर्ज परत आला

गोदाकाठ
पीएचडीसाठी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या मुलाखती घेणार आहे. गर्भपिशवी काढल्यानंतर त्यांचं काम आणि तब्येत, हा विषय. हंगाम संपून त्या गावी आल्या की 30 जणींशी घरी जाऊन बोलायचं. धोक्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘सहभागींना कोणताही धोका नाही. माहिती गोपनीय ठेवली जाईल. सहभाग ऐच्छिक आहे.’ नैतिकता समितीने शेरा मारून अर्ज परत पाठवला: ‘संरक्षण गृहीत धरले आहे, स्पष्ट लिहा.’ मी कुणाला इंजेक्शन देणार नाहीये, फक्त बोलणार आहे. एवढं फोडून लिहायची खरंच गरज असते का?

सातवा मजला
मला हा अतिरेक वाटतो. मी बारा वर्षं गावोगाव मुलाखती घेतल्यात. बाईसमोर चार पानी कागद वाचायला घेतला की ती म्हणते, ‘एवढं काय होणार हाय मला?’ आणि उठून जाते. विश्वास तीनदा घरी जाऊन चहा घेतल्यावर बसतो, कागदाने बसत नाही. अर्जात धोके रंगवले की समिती आणखी घाबरते आणि तुझे सहा महिने जातात. ‘गोपनीयता राखू’ यात सगळं आलं.

पांढरी माती
मी काही वर्षं अशा एका समितीवर आहे. सातवा मजला यांचं निम्मं पटतं. बाईला ऐकवायची माहिती छोटीच हवी, तिच्या बोलीत हवी. पण समितीचा अर्ज हा वेगळा कागद आहे. तिथे आम्ही एवढंच शोधतो की या बाईचं नुकसान कोण करू शकतं, आणि तुम्ही त्याला अडवणार कसं.

तुमच्या विषयात पहिला माणूस मुकादम. नवराबायकोचा मिळून एक कोयता, त्यावर त्याच्याकडून आगाऊ उचल घेतलेली, खाडा पडला तर पैसे कापले जातात. ‘ऑपरेशननंतर महिन्याभरात फडात उभी राहिले’ असं ती बोलली आणि ते त्याच्या कानावर गेलं, तर पुढच्या हंगामाची उचल अडू शकते. तुमच्या तीन वाक्यांत हा माणूसच नाही. आणि तुम्ही गावात बायका शोधणार कुणामार्फत? बहुतेक त्याच्याचमार्फत. मग ‘सहभाग ऐच्छिक’ याला काही अर्थ राहत नाही, कारण कोण बोललं आणि कोण नाही बोललं याची यादी त्याच्याकडे आपोआप तयार होते. म्हणून अर्जात लिहा की संपर्क मुकादमामार्फत करणार नाही. मग कुणामार्फत, तेही लिहा.

दुसरं, ओळख. नाव बदलून भागत नाही. ‘वय 27, तीन मुली, पिशवी काढलेली, अमुक कारखान्याला जाते’ एवढं छापलं की तालुक्यातला कुणीही बोट दाखवेल. 2019 मध्ये हा विषय पेपरात गाजला तेव्हापासून तर लोकांचं जास्तच लक्ष असतं. कोणते तपशील गाळणार, वयाऐवजी गट देणार का, गावाऐवजी फक्त जिल्हा लिहिणार का, हे अर्जातच ठरवून टाका.

आणि आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सामाजिक धोका आणि मानसिक त्रास हे ‘किमान धोक्याहून किंचित जास्त’ या वर्गात बसू शकतात. ‘इंजेक्शन नाही म्हणजे धोका नाही’ हे तिथेच कोसळतं.

अबोली
आमच्या नर्सिंग कॉलेजमधल्या अभ्यासाला समितीने विमा काढायला लावला होता. रक्ताचा नमुना घ्यायचा होता म्हणून. तुम्हीही 30 जणींचा विमा काढा, लगेच मंजूर होईल.

पांढरी माती
अबोली, तो औषधाच्या किंवा शरीरावरच्या चाचणीचा मामला. इथे बाईला सुई टोचत नाही, त्यामुळे विम्याने काही भरून निघणार नाही. तिची उचल अडली तर कुठली विमा कंपनी देणार?

रानवारा
माझी आई वीस वर्षं फडात होती, म्हणून लिहिते. मुलाखत घरी घेणार म्हणता, पण आमच्याकडे घर म्हणजे एक खोली आणि पडवी. पाहुणी आली की सासू दाराशी बसते, जाऊ भांडी घेऊन जवळच घासत बसते. आईला एक ताई असंच विचारायला आल्या होत्या. ‘ऑपरेशनला कोण म्हणालं?’ या प्रश्नावर आईने आधी आजीकडे पाहिलं आणि मग म्हणाली, ‘माझ्याच मनानं.’ ताई गेल्यावरसुद्धा रात्री त्यावरून बोलणं झालंच. त्या ताईंच्या कागदावर ‘खाजगीत मुलाखत’ असंच असणार. जागा कुठली ते लिहा. अंगणवाडी दुपारी रिकामी असते, बायकांना तिथे जायला कारणही लागत नाही.

आणि मुकादम बाहेरचा नसतो हो. बऱ्याचदा भावकीतलाच असतो.

सातवा मजला
रानवारा, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. जागेचा मुद्दा मान्य. पण गोपनीयतेला अपवाद लिहायची पद्धत मला खटकते. ‘अमुक गोष्ट सांगितलीत तर मला पोलिसांना कळवावं लागेल’ असं सुरुवातीलाच ऐकवलं, तर कोण बोलेल?

पांढरी माती
खटकतं मलाही. पण पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, संशोधकाला सूट नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या अल्पवयीन मुलीलाही हे संरक्षण दिलं. तुम्ही अठरावरच्याच बायका निवडाल, पण एखादी सहज म्हणेल, ‘धाकटीचं सोळाव्या वर्षी उरकलं, आता तिला दिवस गेलेत.’ ‘काहीही बाहेर जाणार नाही’ असं वचन देऊन बसलात, तर त्या क्षणी वचन मोडाल नाहीतर कायदा.

सातवा मजला
आणि आधी सांगितलंत तर ती धाकटीचा विषयच काढणार नाही. मग त्या मुलीला नेमकं संरक्षण कसलं मिळालं?

पांढरी माती
याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. आमच्या समितीतही यावर दोन तट आहेत. मी एवढंच म्हणेन की आईला फसवून मुलीची माहिती काढायची नाही.

गोदाकाठ
रात्री बसून पुन्हा लिहिलं. हे पाहा:

‘मुलाखत दिल्याचे मुकादम किंवा सासरच्यांना कळल्यास सहभागीची उचल, काम किंवा घरातील स्थान धोक्यात येऊ शकते. म्हणून संपर्क मुकादमामार्फत केला जाणार नाही. महिला बचत गटाच्या बैठकीत सर्वांना एकत्र माहिती दिली जाईल आणि इच्छुक महिला नंतर स्वतः फोन करतील. मुलाखत अंगणवाडीत दुपारी होईल. कुणी आत आल्यास विषय बदलला जाईल. ऑपरेशनबद्दल बोलताना त्रास झाल्यास मुलाखत थांबवून पुढे जायचे की नाही हे तिला विचारले जाईल. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक तोंडी सांगितला जाईल, चिठ्ठी दिली जाणार नाही. ध्वनिमुद्रण त्याच दिवशी फोनमधून काढले जाईल. मुलाखतीनंतर 15 दिवसांपर्यंत ती माघार घेऊ शकेल. सर्व काळजी घेऊनही गावात कुणकुण लागण्याचा धोका उरतो, तो तिला संमतीआधी सांगितला जाईल.’

पॉक्सोचं वाक्य अजून जमलेलं नाही.

पांढरी माती
‘धोका उरतो’ हे वाक्य काढू नका, समिती तेच आधी शोधेल. एक राहिलं: ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्याला साक्षीदार कोण? तो निःपक्ष लागतो, आणि गावातला कुणीही चालणार नाही.

रानवारा
अंगणवाडीताईही नको. आमच्या ताई मुकादमाच्या चुलत बहीण होत्या. बाहेरगावची आशाताई बघा, आणि ती सही करून लगेच निघून जाईल असं तिला आधीच सांगा.

सातवा मजला
सहीचा कागदच नको म्हणतो मी. बाईचं खरं नाव कुठे राहणार असेल तर त्या एकाच कागदावर. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करायची परवानगी मागून बघ.

गोदाकाठ
मागते. पण मग त्या मुद्रणात तिचा आवाज राहतो. तोही त्याच दिवशी काढला तर संमतीचा पुरावा काय दाखवू?