विषय: क्रिबेज – हा हात १० चा की १६ चा?

नीलिमा:
नमस्कार मंडळी,
हातात सत्ती, दोन अठ्ठ्या आणि नव्वी, कट करून वर आलेली छक्की. माझी मोजणी अशी: सत्ती-अठ्ठीचे पंधरा दोनदा म्हणून ४, अठ्ठ्यांच्या जोडीचे २ आणि छक्की ते नव्वी या रनचे ४, एकूण १०. समोरचे म्हणतात १६. सहा गुण गेले कुठे? आणि बोर्डावर प्रत्येकाला दोन-दोन खुंट्या कशाला? एकीने भागत नाही का?

श्रीकांत:
रन दोनदा धरायचा असतो, तो तुम्ही एकदाच धरलात. चार पानांच्या रनमध्ये एक पान दुहेरी असलं की सरळ १० म्हणायचं. वर जोडीचे २ आणि पंधराचे ६. म्हणजे १८ झाले, समोरचेही चुकले!

प्रभाकाकू:
पण ही पानं एका रंगाची आहेत का, ते कुणी विचारलंच नाही. बदामाची सत्ती आणि किलवरची अठ्ठी मिळून रन कसा होईल? शिवाय माझ्याकडे गुलाम, राणी, राजा, एक्का होते आणि कटला पंजी आली. चारही एका रंगाचे नव्हते म्हणून मी रन सोडून दिला. बरोबर ना?

वसंतकाका:
काकू, तुम्ही रमीत शिरलात. क्रिबेजच्या रनला रंग लागत नाही, नुसता क्रम लागतो. मात्र एक्का इथे कायम सर्वांत खालचा, राजाच्या पुढे जात नाही. तुमच्या हातात गुलाम-राणी-राजा हा तिघांचा रन होता, ३ गुण. पंजी तिघांशी पंधरा करते, ते ६. म्हणजे ९, आणि गुलाम पंजीच्याच रंगाचा असला तर आणखी १. दश्शी, गुलाम, राणी, राजा हे पंधरा करताना सगळे १० चे, पण जोडी आणि रन बघताना ज्याचं त्याचं नाव वेगळं. गुलाम आणि राजा मिळून जोडी होत नाही.

नीलिमा, १६ च बरोबर. एकच पान कितीही वेळा वापरता येतं, फक्त पानांचा तोच गट पुन्हा धरायचा नाही. आधी सगळे पंधरा संपवा: सत्ती पहिल्या अठ्ठीशी, सत्ती दुसऱ्या अठ्ठीशी, आणि छक्की-नव्वी. ही तिसरी तुमच्या नजरेतून सुटली, कारण डोळे सत्ती-अठ्ठीवरच अडकले. झाले ६. मग ६-७-८-९ हा रन एकदा या अठ्ठीने, एकदा त्या अठ्ठीने, म्हणजे ८. जोडीचे २. एकूण १६. चारच्या रनमधला तिघांचा रन वेगळा मोजत नाहीत.

श्रीकांत, तुझे १० बरोबर, पण जोडीचे २ त्या १० मध्येच आहेत. तू ते दोनदा घेतलेस.

आता खुंट्या. पुढची खुंटी सध्याचे गुण सांगते, मागची त्याआधीचे. गुण मिळाले की मागची उचलून पुढचीच्या पलीकडे न्यायची, पुढचीला हात लावायचा नाही. समजा पुढची ४३ वर आणि मागची ३७ वर आहे. १६ मिळाले तर ३७ वरची उचलून ५९ वर. भोकं पाचपाचच्या गटात असतात, म्हणून एकेक न मोजता २ ने ४५, दोन गटांनी ५५, वर ४. नवीन माणूस ४३ चं भोकच ‘एक’ धरतो आणि ५८ वर थांबतो. दोन खुंट्यांमधलं अंतर म्हणजे शेवटची कमाई, त्यामुळे चूक झाली तर समोरच्याला लगेच मोजून बघता येतं. एकाच खुंटीने हा पुरावा उरत नाही.

श्रीकांत:
बरं, जोडीचं कबूल. पण १२१ ला नेमकं पोचावं लागतं ना? ११८ वर असताना ८ मिळाले तर?

वसंतकाका:
नेमकं नाही, १२१ गाठले किंवा ओलांडले की जिंकलात. पण मोजणीचा क्रम बघ: पानं न वाटणारा आधी मोजतो, मग वाटणारा आपला हात आणि शेवटी क्रिब, म्हणजे दोघांनी बाजूला टाकलेल्या पानांचा वाटणाऱ्याचा जादा हात. दोघंही ११८ वर असले आणि दोघांच्या हातात ८ असले, तर न वाटणारा जिंकतो, दुसऱ्याची मोजणी होतच नाही. ९० च्या पुढे न गेलेला हरणारा ‘स्कंक’, म्हणून बोर्डावर तिथे रेघ असते.

नीलिमा:
कळलं, छक्की-नव्वी. मग माझे सुटलेले ६ समोरच्याने घेतले तर चालतं का?

प्रभाकाकू:
छे, दुसऱ्याचे गुण उचलायचे म्हणजे काय!

वसंतकाका:
त्याला ‘मगिन्स’ म्हणतात. डाव सुरू होण्याआधी दोघांनी मान्य केलं असेल तर चालतं. मला वाटतं, आपल्याकडे शिकणाऱ्यांसोबत नको.

श्रीकांत:
मला वाटतं हवंच. सहा गुण गेले की छक्की-नव्वी पुन्हा सुटणार नाही.