मदत हवी आहे: लेक गाडी शिकतेय, फोटोखाली काय लिहू?

टेंबलाईचा_चढ:
मुलीला अठरा पूर्ण झाली, लर्निंग लायसन्स हातात आलं आणि आमची जुनी गाडी तिच्या ताब्यात गेली. रविवारी सकाळी टेंबलाईच्या चढाला गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा मात्र तिनं हाफ क्लचवर अलगद उचलली. मागं रिक्षावाला हॉर्न मारत होता, तरी बाई हलली नाही. वर पोचल्यावर गाडी उभी करून फोटो काढला. ती स्टिअरिंगवर हसतेय, शेजारी मी, माझा हात अजून हॅन्डब्रेकवरच. कॅप्शन सुचवा. मी लिहिलेलं असं: "आज आमच्या लेकीने गाडी चालवली. खूप अभिमान वाटतो. देव तिचे रक्षण करो." बायको म्हणाली, श्रद्धांजलीसारखं वाटतंय.

नाद_खुळा_०९:
"कोल्हापूरकरांनो, रस्ता मोकळा करा, आमची वाघीण आलीय!" लई भारी जाईल बघा. खाली हसऱ्या इमोजी टाका.

शब्दांची_मिसळ:
हसू येतं खरं, पण त्यात चेष्टा तिची होते. तिनं तर चढावर गाडी उचलून दाखवली. मुलगी स्टिअरिंगवर असली की "बाजूला व्हा" हा विनोद लोक आधीच करतात, बापानं त्यात भर कशाला घालायची? घाबरलेला कोण आहे? पप्पा. मग विनोद पप्पांवर करा, तिचं कौतुक आपोआप होतं. फोटोत तुमचा हात हॅन्डब्रेकवर आहे, सगळी मजा तिथं आहे. "अभिमान" हा शब्दही काढा, तो कुणाच्याही फोटोखाली चालेल. टेंबलाईचा चढ आणि हॅन्डब्रेकवरचा हात फक्त तुमच्याच फोटोत आहेत.

गवळी_गल्ली:
आमचा पोरगा सोळाचा, गाडी मस्त चालवतो. त्याचा व्हिडिओ टाकला तर कसलं कॅप्शन बरं?

आरटीओ_एजंट_नाही:
ताई, तो व्हिडिओ टाकूच नका, गाडीही देऊ नका. कारला अठरा लागतात. सोळाला मिळतं ते बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. पोरालाही पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

नाद_खुळा_०९:
पण यांची पोरगी अठराची आहे की. L लावला की झालं, मग "आता पप्पांची गरज नाही, एकटीच निघाली" असं लिहा. ते तरी गोड वाटेल.

आरटीओ_एजंट_नाही:
L पुढंही हवा, मागंही हवा, पांढऱ्यावर लाल. पण तेवढ्यानं भागत नाही. लर्निंगवर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलाच पाहिजे, तोही वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असा. "एकटीच निघाली" म्हणजे स्वतःच्याच हातानं कबुलीजबाब. पक्क्या लायसन्सच्या टेस्टला लर्निंग मिळून तीस दिवस झाले की जाता येतं, तोवर हे कॅप्शन राखून ठेवा.

शब्दांची_मिसळ:
हे बघा, तुमच्याच फोटोवरून:

"ब्रेक तिच्या पायाखाली, दाबतोय मी.
टेंबलाईचा चढ. मागं रिक्षाचा हॉर्न. तिनं आधी क्लच सांभाळला, मग मला."

पहिली ओळ तुटक ठेवलीय, कारण इन्स्टावर सुरुवातीचंच दिसतं, बाकीचं "more" खाली जातं. दोनदा बंद पडलेलं लिहू नका असं मी म्हणेन. ते तिला वाटलं तर तिनं सांगावं.

टेंबलाईचा_चढ:
पहिली ओळ झकास! शेजारी बसून पाय खरंच मॅटवर दाबत होतो. पण दोनदा बंद पडली नसती तर तिसऱ्यांदाचं कौतुक काय राहिलं? मला तेच लिहायचंय.

नाद_खुळा_०९:
माझंही तेच मत. आणि नंबर प्लेट झाका.

शब्दांची_मिसळ:
प्लेट मी झाकत नाही, पण ज्याची त्याची मर्जी. बंद पडल्याचं मात्र लेकीला विचारा, तिच्या मैत्रिणी वाचणार आहेत.

टेंबलाईचा_चढ:
विचारलं. म्हणते, "दोनदा लिहा की पप्पा, पण तुम्ही देवाचं नाव किती वेळा घेतलंत तेही लिहा." आता दोन्ही लिहू की दोन्ही गाळू?

गवळी_गल्ली:
दोन्ही लिहा. आणि आमच्या पोरासाठी पन्नास सीसीची दुचाकी आता मिळते तरी कुठं?